टेलरला शिफॉन, जॉर्जेट आणि ब्रोकेट कसं सांगायचं

नाशिकच्या मेन रोडवर किंवा दहीपुलाच्या बाजूला कापड घ्यायला गेलं की दुकानदार एका दमात नावं सांगतो. शिफॉन, मार्बल शिफॉन, वेटलेस, साठ ग्रॅम, फॉक्स जॉर्जेट, विचित्रा सिल्क, बनारसी ब्रोकेट. आपण त्यातलं एक पसंत करतो, पिशवीत घालतो आणि टेलरकडे जातो. टेलर मात्र नाव विचारतच नाही. कापडाचा कोपरा चिमटीत धरतो, चुरगाळून सोडतो, उलटी बाजू बघतो आणि म्हणतो, "ताई, हे सरकणारं आहे. अस्तर कुठलं लावायचं?"

मी शिवणक्लास घेते. क्लासमध्ये नव्याने आलेल्या मुली हमखास विचारतात, की शिफॉनला, जॉर्जेटला मराठीत काय म्हणायचं, म्हणजे टेलरला नीट सांगता येईल. शिफॉनला शिफॉनच म्हणतात, कुणी शिपॉन म्हणतं. जॉर्जेटचं बोलण्यात जार्जेट होतं आणि ब्रोकेडचं सगळीकडे ब्रोकेट झालंय. नाव सांगितलं की टेलरला अंदाज येतो, पण त्याचं काम तेवढ्यावर भागत नाही. त्याला हवी असते कापडाची वागणूक. ते सरकतं का, आटतं का, त्याचे धागे सुटतात का, शिवणीजवळ फाकतं का, अंगावर टोचतं का. ही वागणूक कशातून येते ते एकदा कळलं, की नाव कुठलंही असो, आपल्याला आपलं कापड सांगता येतं.

सगळा गोंधळ होतो तो यामुळे, की दुकानात ऐकलेली नावं वेगवेगळ्या गोष्टींची असतात. रेशीम, कॉटन, पॉलिस्टर, व्हिस्कोस ही धागा कशाचा आहे त्याची नावं. शिफॉन, जॉर्जेट, क्रेप, साटीन, ब्रोकेट ही धाग्याला पीळ किती दिला आणि तो विणला कसा, त्याची नावं. त्यामुळे जॉर्जेट रेशमाचं असतं, पॉलिस्टरचं असतं आणि व्हिस्कोसचंही असतं. तिसरी जात बाजाराने पाडलेल्या नावांची. 'फॉक्स जॉर्जेट'चा कोल्ह्याशी संबंध नाही. नकली या अर्थाचा इंग्रजी शब्द 'फो' सुरतेच्या बाजारात फिरता फिरता 'फॉक्स' झाला. म्हणजे ते पॉलिस्टरचं जॉर्जेट. 'साठ ग्रॅम' हे वजनावरून पडलेलं नाव आणि 'वेटलेस' म्हणजे हातात घेतल्यावर वजनच लागत नाही असं पातळ पॉलिस्टर. 'विचित्रा सिल्क' हेही पॉलिस्टरच. दुकानात 'सिल्क' हा शब्द आता फक्त चमक सांगतो. धागा रेशमाचा हवा असेल तर सरळ "यात रेशीम आहे का?" असं विचारावं. बाजाराच्या भाषेत 'प्युअर जॉर्जेट' किंवा 'प्युअर शिफॉन' म्हटलं तर ते रेशमाचं समजतात, पण तेही जाळून बघितल्याशिवाय मानू नये.

जाळून बघणं सोपं आहे. कापलेल्या कडेतून चार-पाच धागे काढायचे, चिमट्यात धरायचे आणि खाली स्टीलची ताटली ठेवून काडीने पेटवायचे. रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि मागे चुरगाळली जाणारी काळी राख राहते. पॉलिस्टर वितळतं, आकसतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो, तो बोटांनी फुटत नाही. कॉटन आणि व्हिस्कोस कागदासारखं भराभर जळतं. पॉलिस्टरचा वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, म्हणून बोटात धरून हा प्रयोग कधी करू नका. मिश्र धागा असेल तर निकालही मिश्र येतो, त्यातून शंभर टक्के खात्री होत नाही.

आता शिफॉन आणि जॉर्जेट. ही दोन्ही एकाच घरातली कापडं. विणणं अगदी साधं आहे, उभ्या धाग्यात एकाखाली एक वरून आडवा धागा, जसं मांजरपाटात असतं तसंच. सगळी गंमत आहे ती पिळात. जॉर्जेटच्या धाग्याला विणण्याआधीच खूप पीळ दिलेला असतो, आणि विणताना उजव्या पिळाचे दोन धागे, मग डाव्या पिळाचे दोन, अशी पाळी लावलेली असते. विणून झाल्यावर कापड गरम पाण्यातून काढलं की प्रत्येक धागा आपला पीळ सोडवायला बघतो. अर्धे धागे एकीकडे ओढतात, अर्धे दुसरीकडे, आणि कापडाच्या अंगावर बारीक रवाळ पोत उमटतो. हाताला जे खरबरीत लागतं ते हेच. या कापडाला जॉर्जेट हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच महिला टेलरच्या नावावरून पडलं, जॉर्जेट द ला प्लांत तिचं नाव.

हा पीळ डोळ्यांनी बघता येतो. जॉर्जेटच्या कडेतून वीतभर धागा ओढून काढा, दोन टोकं दोन हातांत धरून ताणा आणि मग हात सावकाश जवळ आणा. ताण सुटताक्षणी धागा पिळलेल्या सुतळीसारखा स्वतःभोवती गुंडाळायला लागतो. साध्या पॉपलीनचा धागा तसाच लोंबत राहतो. क्लासमध्ये हा धागा दाखवला की मुलींना पुढचं फार समजवावं लागत नाही. कारण जॉर्जेटचं पुढचं सगळं वागणं त्या पिळातूनच निघतं. ते चुरगळत नाही, मुठीत दाबून सोडलं की उसळून मोकळं होतं. थोडंसं ताणलं जातं. निऱ्या घातल्या की त्या एकमेकींना धरून राहतात.

शिफॉनचा धागाही पिळाचा असतो, पण तो कितीतरी बारीक आणि दोन धाग्यांत जागा जास्त. म्हणून ते झिरझिरीत दिसतं, अंगावर झुळझुळतं आणि हातातून निसटतं. दोन्हींत शंका आली तर फिकट रंगाचं कापड एक पदर करून वर्तमानपत्रावर पसरा. शिफॉनखालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येतात, जॉर्जेटखाली ठळक मथळा कळतो आणि बारीक मजकूर धूसर होतो. गडद रंगात ही परीक्षा फसते, तिथे पोतावर आणि वजनावर जावं. हेही सांगायला हवं, की पॉलिस्टरमध्ये या दोघांमधली सीमा पुसट झाली आहे. एका दुकानात जे 'हेवी शिफॉन' म्हणून मिळतं ते शेजारच्या दुकानात 'वेटलेस जॉर्जेट' म्हणून लावलेलं असतं. तेव्हा नावासाठी वाद घालण्यात अर्थ नाही, हातात काय आहे ते बघावं.

टेलर 'सरकणारं' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कात्री असते. शिफॉन टेबलावर पसरलं, वर खडूने आखलं आणि कात्री लावली, की कात्रीच्या पात्याने कापड पुढे ढकललं जातं. वरचा पदर खालच्यावरून अर्धा इंच हलला तरी एक बाही दुसरीपेक्षा वाकडी निघते, आणि ही चूक शिवताना सुधारत नाही. म्हणून नीट काम करणारे टेलर खाली कागद पसरतात, कापड त्याला टाचण्यांनी पक्कं करतात आणि कागदासकट कापतात. सुई बारीक लागते, शिफॉनला ९ नंबर, जॉर्जेटला ११ चालते. जाड किंवा बोथट सुईने धागा ओढला जातो आणि टिपेच्या दोन्ही बाजूंना बारीक चुण्या पडतात. नवीन कपड्यावर शिवण अशी गोळा झालेली दिसली तर सुई आणि मशिनचा ताण याच दोन गोष्टी आधी तपासायला सांगा.

जॉर्जेटचा एक त्रास घेरदार कपड्यात होतो. अंब्रेला कटाचा कुर्ता किंवा घागरा कापताना घेराचा काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही आडव्यावर आणि काही तिरका. त्या तिरक्याला शिवणकामात उरेब म्हणतात. उरेबातलं जॉर्जेट स्वतःच्या वजनाने लोंबतं. शिवून लगेच खालची कड दुमडली, की आठ दिवसांनी घेर कुठे दोन इंच खाली, कुठे वर दिसायला लागतो. यावर उपाय एकच आहे. कंबरेपर्यंतचं शिवून झालं की कपडा एक रात्र, जमल्यास पूर्ण दिवस, हॅंगरला लटकत ठेवायचा, मग तो अंगावर घालून जमिनीपासून सारखं माप घेऊन खालची कड कापायची आणि त्यानंतर पिको करायचा. लग्नसराईत टेलरकडे एवढी सवड नसते, म्हणून कापड देतानाच "कड दुमडण्याआधी लटकवून ठेवा, मी माप द्यायला येईन" असं सांगून ठेवावं.

ब्रोकेटची गोष्ट अगदी वेगळी. इथे पिळाचं काही महत्त्व नाही. एक साधं कापड विणलं जात असतं आणि त्याच वेळी नक्षीसाठी एक जास्तीचा आडवा धागा, बहुतेक जरीचा, आत घातला जातो. बुट्टा जिथे हवा तिथे हा धागा वर येतो, बाकीच्या ठिकाणी मागे पडून राहतो. खूण अशी, की हा जास्तीचा धागा सगळा उपसून काढला तरी खाली अख्खं कापड शिल्लक राहील. जुन्या मराठीत याला किनखाप म्हणायचे. आजच्या टेलरला किनखाप सांगितलं तर वयस्कर कारागीर ओळखेल, तरुण माणसाला ब्रोकेट म्हटलेलंच कळेल.

आपल्या जिल्ह्यात येवला असल्यामुळे ही खूण आपल्याला आणखी उपयोगी पडते. हातमागावरच्या अस्सल पैठणीच्या पदरावर जो मोर किंवा कमळ असतं, ते जास्तीच्या धाग्याचं नसतं. तिथे रंगीत रेशमाचा धागा तेवढ्याच जागेत पुढे-मागे फिरतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत वळतो. तो मोर म्हणजेच तिथलं कापड. तो उपसला तर भोक पडेल. म्हणून अशा पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. बहुतेक ब्रोकेट उलटं केलं की मागे मोकळे धागे दिसतात. येवल्यात 'ब्रोकेड पैठणी' म्हणून जी साडी मिळते तिच्या अंगभर जी नक्षी असते ती जॅकार्डच्या मदतीने विणलेली असते. उभे धागे पंच केलेल्या पुठ्ठ्यांच्या हिशेबाने उचलायची ही युक्ती फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास पक्की केली, आणि आज मागाच्या डोक्यावर तीच बसवलेली दिसते.

टेलरच्या दृष्टीने ब्रोकेटची उलटी बाजू सुलटीपेक्षा महत्त्वाची. बनारसच्या कारागिरांकडे यासाठी नेमके शब्द आहेत. 'कढवा' म्हणजे प्रत्येक बुट्टा वेगळा विणलेला, मागे लोंबते धागे नाहीत. 'फेकवा' म्हणजे नक्षीचा धागा या काठापासून त्या काठापर्यंत टाकलेला, त्यामुळे दोन बुट्ट्यांमध्ये मागे लांब मोकळे धागे. 'कटवर्क' म्हणजे ते मोकळे धागे नंतर कापून टाकलेले. ब्लाउज पीस घेताना तो उलटा करून बघितला की एका नजरेत कळतं. फेकव्यात बांगडी, अंगठी अडकते आणि धागा ओढला जातो. कटवर्कमध्ये कापलेली जरीची टोकं काखेत आणि पाठीवर टोचतात. शिवाय तो धागा नुसता दाबाने धरलेला असतो, म्हणून कडेजवळचा बुट्टा हळूहळू निघून येऊ शकतो. या दोन्हींना पूर्ण अस्तर लागतं. पाठीला आणि बाहीलाही. बाहीचं अस्तर वाचवून पन्नास-शंभर रुपये कमी करण्यात काही शहाणपण नाही, टोचणं सगळ्यात जास्त तिथेच होतं.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण पूर्ण करून दाखवते. समजा एका मुलीने रविवार कारंजाजवळच्या दुकानातून पॉलिस्टर शिफॉनची प्लेन साडी घेतली आणि तिच्यावर घालायला बनारसी ब्रोकेटचा ब्लाउज पीस घेतला. पिसाचा पन्हा ४४ इंच, लांबी ८० सेंटिमीटर. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत. मीटर सांगितले आणि पन्हा सांगितला नाही तर टेलरला काहीच कळत नाही. ३६ इंची पन्ह्यातलं एक मीटर आणि ५८ इंची पन्ह्यातलं एक मीटर यांत दीडपटीहून जास्त फरक आहे.

तिची छाती ३६, ब्लाउजची उंची साडेचौदा, बाही १० इंच. ८० सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. ४४ च्या पन्ह्यात मागचा आणि पुढचा भाग शेजारी शेजारी बसतात आणि त्यांना लांबीत साडेसोळा इंच लागतात, त्यात वर-खाली सोडलेली माया आली. माया म्हणजे शिवणीच्या आत ठेवलेलं जास्तीचं कापड. उरले १५ इंच. त्यात १० इंचांच्या दोन्ही बाह्या दुमडीसकट बसतात आणि पट्ट्यांना कापड उरतं. पण तिला मनगटाच्या वर थांबणारी १८ इंची बाही हवी असेल, तर दुमड आणि माया धरून साडेएकोणीस इंच लागतील. साडेसोळा अधिक साडेएकोणीस, म्हणजे ३६ इंच. ८० सेंटिमीटरमध्ये ती बाही होणारच नाही, एक मीटर घ्यायला हवं होतं. हा हिशेब दुकानात उभं असतानाच करावा, कारण उरलेल्या तुकड्यातला तोच बुट्टा नंतर मिळेलच असं नाही.

बुट्ट्याची दिशाही आधी बघायची. साधी गोल बुट्टी असेल तर टेलर कापड वाचवायला बाही उलटी फिरवून बसवू शकतो. मोर, कुयरी, कलश असं काही असेल तर उलट्या बाहीवर मोराचे पाय वर येतात. "नक्षी एकाच दिशेची आहे, सगळे भाग सरळ कापा" हे वाक्य टेलरच्या वहीत लिहून घ्यायला सांगावं. मुलीच्या पिसात कुयऱ्या होत्या असं धरू. मग १० इंचांची बाहीच तिला योग्य.

आता फाकण्याची परीक्षा. ब्रोकेटचा, खरं तर कुठल्याही चमकदार सुळसुळीत कापडाचा, हा सगळ्यात मोठा दोष असतो. घट्ट ब्लाउजमध्ये हात पुढे केला की पाठीवर, मुंढ्याच्या शिवणीजवळ धागे बाजूला सरकतात आणि बारीक शिडीसारखी फट दिसते. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडली जाते ती काखेची गोलाई. शिवण उसवलेली नसते, टीप शाबूत असते, कापडच टिपेपासून मागे सरलेलं असतं. कापायच्या आधी दोन्ही अंगठे एकमेकांजवळ ठेवून कापड बाजूला ओढून बघा. उभ्या दिशेने एकदा, आडव्या दिशेने एकदा. अंगठ्यांमध्ये फट पडली आणि सोडल्यावर ती तशीच राहिली, तर हे कापड फाकणार. मग टेलरला तीन गोष्टी सांगायच्या. अस्तर वेगळं लोंबतं न ठेवता वरच्या कापडाला चारही कडांनी टाचून दोन्ही एकच समजून शिवा, म्हणजे ताण अस्तरावर जाईल. माया दोन्ही बाजूंना एक-एक इंच ठेवा. आणि ब्लाउज कॉटनच्या मापापेक्षा थोडा सैल ठेवा. जुना कॉटनचा ब्लाउज मापाला दिला तर टेलर तंतोतंत तसाच शिवतो. कॉटन अंगाबरोबर थोडं सैलावतं, ब्रोकेट सैलावत नाही, म्हणून हे तोंडाने सांगावंच लागतं.

अस्तर कॉटनचंच चांगलं. नाशिकचा मे महिना आणि लग्नाचा मांडव यांत पॉलिस्टरच्या ब्लाउजखाली पॉलिस्टरचं अस्तर सहन होत नाही. पण कॉटन आटतं आणि वरचं कापड आटत नाही, इथेच बहुतेक ब्लाउज बिघडतात. पहिल्या धुण्यानंतर अस्तर आत ओढलं जातं, वरचं ब्रोकेट फुगतं आणि छातीवर, पाठीवर न जाणाऱ्या सुरकुत्या पडतात. लोक म्हणतात शिलाई खराब आहे. शिलाईचा काही दोष नसतो. अस्तराच्या कोपऱ्यावर १० इंचांचा चौकोन आखा, रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवून इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. साडेनऊ भरलं तर ते शेकडा पाच आटलं. साडेचौदा इंच उंचीच्या ब्लाउजला म्हणजे जवळजवळ पाऊण इंच. म्हणून अस्तर घरूनच पाण्यातून काढून, वाळवून द्यावं, किंवा टेलरला "अस्तर पाण्यातून काढून मगच कापा" असं सांगावं. बरेच टेलर हे स्वतःहून करतात, पण हंगामात गर्दीत राहून जातं.

शिफॉनच्या साडीला हेच कारण फॉलमध्ये नडतं. फॉल कॉटनचा, साडी पॉलिस्टरची. न भिजवलेला फॉल लावला की पहिल्या धुण्यात तो आखडतो आणि साडीची खालची कड गोळा होऊन पायाशी वर उचलली जाते. पातळ शिफॉनवर हे फार ठळक दिसतं. फॉल-पिकोला साडी देताना फॉल पाण्यातून काढलेला आहे का हे विचारायचं, आणि हाताने लावून घ्यायचा. मशिनची सलग टीप शिफॉनला ताणते. हाताचा सैल टाका थोडं सरकायला जागा देतो. फॉलचा रंग साडीपेक्षा किंचित फिकट चालतो, गडद चालत नाही, झिरझिरीत कापडातून तो पट्टा दिसून येतो.

जुनी मराठी नावं कुठे उपयोगी आणि कुठे घोटाळ्याची, तेही सांगते. वेल्वेटला मखमल म्हटलं, सॅटिनला साटण किंवा साटीन म्हटलं, लायनिंगला अस्तर म्हटलं तर काही अडचण येत नाही, टेलर स्वतः तेच बोलतो. पण मस्लिनला मलमल म्हणाल तर चुकाल. मलमल म्हणजे तलम कॉटन. दुकानात हल्ली कुर्त्यांसाठी जे 'मस्लिन' किंवा 'मस्लिन सिल्क' म्हणून मिळतं ते मऊ, चमकदार, अंगाबरोबर पडणारं वेगळंच कापड असतं. व्हिस्कोस जॉर्जेटचंही ध्यानात ठेवा. दिसतं पॉलिस्टरच्या जॉर्जेटसारखंच, पण पाण्यात घातलं की पिळाचे धागे आखडून ते बरंच आटतं. आधी सांगितलेला दहा इंचांचा चौकोन त्यावर करून बघितल्याशिवाय कुर्ता कापायला देऊ नये.

उदाहरणातल्या ब्लाउजची ट्रायल घेताना आरशासमोर नुसतं सरळ उभं राहून बघू नका. दोन्ही हात पुढे करून स्वतःला मिठी मारा, मग खुर्चीवर बसा, मग हात वर करा. पाठीच्या मुंढ्याजवळ फट दिसली तर त्याच वेळी टेलरला दाखवा, इंचभर माया असेल तर तो अर्धा इंच सोडून देऊ शकतो. इस्त्री कशी करतो तेही विचारा. ब्लाउजची जरी बहुतेक वेळा धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पातळ पट्टीची असते, आणि इस्त्री जास्त गरम असली की ती आकसते, बुट्टा सुरकुततो आणि पुन्हा सरळ होत नाही. मंद इस्त्री, उलट्या बाजूने, वर सुती कापड ठेवून, एवढं त्याला सांगा आणि घरी स्वतःही पाळा.